आधी वाफे, मग निरोप

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की आसपासच्या घरांना भाजीचा निरोप अजून का गेला नाही. लिहून तर दोनदा झाला होता, पण पहिल्या सहा घरांकडून जे शिकले ते त्यात आलं नव्हतं. आज तो मनासारखा झाला. पाठवण्याआधी तुम्ही दोघांनी वाचावा म्हणून हे पत्र.

पहिल्या निरोपात मी लिहिलं होतं, ‘दर शनिवारी पालक, भेंडी, काकडी, टोमॅटो घरपोच.’ तिथेच चुकलं. पालक मी सगळा एकाच दिवशी पेरला होता. पाचव्या आठवड्यात तो सहा घरांना पुरून उरला आणि पुढचे दोन आठवडे वाफ्यात नुसते खुंट राहिले. शब्द दिला होता, म्हणून सहाही दारांत जाऊन सांगून आले. भेंडीची तऱ्हा वेगळी. ती एक दिवसाआड तोडावीच लागते. सोमवारची शनिवारपर्यंत ठेवली तर सुकते आणि शनिवारपर्यंत झाडावर ठेवली तर जून होते. एका काकूंनी माझ्यासमोर भेंडीचं टोक मोडून पाहिलं. ते कट्‌कन तुटलं नाही, नुसतं वाकलं आणि दोरे निघाले. काकू काही बोलल्या नाहीत, पण ती भेंडी मी त्यांच्या घरात द्यायलाच नको होती.

म्हणून या वेळी आधी वाफ्यांचा हिशेब केला. वीस घरं, प्रत्येकी पाव किलो पालक, म्हणजे आठवड्याला पाच किलो. आपला दहा चौरस मीटरचा वाफा एका कापणीला तेवढा देतो, जरा जास्तच. पहिली कापणी पेरल्यापासून पाचेक आठवड्यांनी येते, पुढे फुटवा वाढायला तीन आठवडे लागतात. तेव्हा तीन वाफे एकेक आठवड्याच्या अंतराने पेरले. आठवड्याला एक कापत गेलं की चौथ्या आठवड्यात पहिला पुन्हा तयार असतो. दोन-तीन कापण्यांनंतर पालक दांड्यावर येतो, कडक उन्हात त्याच्याही आधी, म्हणून बदली चौथा वाफा वेळेत पेरून ठेवायचा. बाबा, तुमच्यासारखीच प्रत्येक वाफ्याला पेरणीच्या तारखेची पाटी लावली आहे.

भेंडीसाठी दोन वार केले. दहा घरं बुधवारी, दहा शनिवारी. पालकाचा वाफाही अर्धा-अर्धा कापायचा. दोन दिवसांपेक्षा जुनी भेंडी कुठल्याच पेटीत जाणार नाही.

आता निरोप असा आहे:

‘नमस्कार. आमच्या शेतातली ताजी भाजी आणि फळं आठवड्यातून एकदा घरपोच देतो. सध्या वीसच घरं घेता येतील. शेतात जे तयार असेल तेच पेटीत येईल. यादी आदल्या संध्याकाळी कळवू. एक पालेभाजी, दोन-तीन फळभाज्या आणि जमेल तेव्हा एखादं फळ, मिळून साधारण चार किलो. घरात न चालणाऱ्या दोन भाज्या नाव नोंदवताना सांगा. पैसे महिन्याचे आगाऊ. बाहेरगावी जाणार असाल तर दोन दिवस आधी कळवा, तो आठवडा पुढे धरू. फवारणी केली असेल तर औषधाच्या डब्यावर सांगितलेले दिवस भरल्याशिवाय ते पीक तोडत नाही. पावसाने किंवा गारपिटीने नुकसान झालं तर पेटी लहान येईल आणि कमी आलेल्याचे पैसे पुढच्या महिन्यात वळते करू. बाजारातून आणून पेटी भरणार नाही.’

शेवटचं वाक्य काढ, असं दादाचं म्हणणं आहे. लोक आधीच बिचकतील म्हणतो. मी ते ठेवणार. एकदा बाहेरची भाजी पेटीत गेली की आपली कुठली आणि बाहेरची कुठली हे त्या घराला कधीच कळणार नाही, आणि फवारणीबद्दल दिलेला शब्दही मग माझ्या हातात राहत नाही.

आई, पालेभाजी धुऊन पाठवावी असं दोन घरांनी सुचवलं. तू नेहमी नको म्हणायचीस ते आता पटलं. एकदा धुऊन पाठवली तर जुडीच्या मधली पानं संध्याकाळपर्यंत चिकट झाली होती. आता माती झटकून, सावलीत ओल्या फडक्याखाली ठेवते आणि कोरडी बांधते. पिकलेली पपई मात्र वेगळ्या पिशवीत देते. पिकत्या फळातून निघणाऱ्या वायूने शेजारची हिरवी पानं लवकर पिवळी पडतात.

एक अडलंय. वीसऐवजी पंचवीस घरं घेऊ का? पालक पुरेल असं वाटतं, पण पहाटे तोडून, निवडून दहापर्यंत दारात पोचवायला आम्ही तिघंच आहोत. बाबा, रविवारच्या आत तुमचं मत कळवा, सोमवारी निरोप पाठवते.

तुमची लेक