रोग-ऋण-रिपूवाल्यास पत्र

प्रिय मध्या,

पावणेतीन वर्षं झाली ना रे? मोजलीत मी. फोन उचलून नंबर काढायचो आणि मग वाटायचं आता काय तोंडाने बोलायचं, म्हणून शेवटी लिहितोय. माझी तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे, बीपीची गोळी चालू. झालं.

चिन्या स्पर्धा परीक्षा पास झाला. फायनल लिस्टमध्ये नाव आहे. ताईचा फोन आला तेव्हा ती रडत होती आणि मी इकडे गप्प. तिला वाटलं मामालाही भरून आलं. भरून बिरून काही नाही, मला घाम फुटला होता. का ते तुलाच कळेल, कारण त्या दिवशी आपलं भांडण झालं तेव्हा खोलीत आपण दोघंच होतो.

फोन ठेवला आणि त्याच्या पत्रिकेचा कागद शोधून काढला. तोच, चहाच्या कपाचा गोल डाग पडलेला. सिंह लग्न, पंचमात धनूचा मंगळ, नवमात मेषेचा गुरू. पंचमेश नवमात, नवमेश पंचमात, सरळ सरळ परिवर्तन! तेव्हा मी किती नाचलो होतो आठवतंय ना. मी म्हणालो होतो, विद्येचं घर पंचम, भाग्याचं नवम, वर नवम म्हणजे पंचमाचं पंचम, आणि दोघांनी एकमेकांची घरं घेतलीत, आता या पोराला परीक्षेत कोण अडवणार? राहूच्या महादशेत गुरूची अंतर्दशा चालू होती, दोन वर्षं चार महिने चोवीस दिवसांची. पंचमेशाचीच अंतर्दशा! मी ताईला छातीठोक सांगून मोकळा झालो, याच काळात होणार. आणि चिन्याने माझ्या शब्दावर हातातली नोकरी नाकारली.

त्या काळात दोन अटेम्प्ट झाले. दोन्ही वेळा पूर्व परीक्षा निघाली, मुख्यला अडकला. दुसऱ्या वेळी तर अगदी थोडक्यात गेलं.

पण खरी लाज पुढची आहे, ती तुलाही माहीत नाही. गुरू संपून शनी लागला तेव्हा पोरगा विचारायला आला, मामा अजून एक अटेम्प्ट देऊ का. मी कागद बघितला. नवमात मेषेचा शनी, नीच, वर वक्री. म्हटलं बाळा, वेळ गेली, आता दोन वर्षं दहा महिने भाग्यात नीच शनी आहे, नोकरी बघ. तो बरं म्हणाला आणि गेला. आणि गुपचूप फॉर्म भरला रे त्याने! मला न सांगता. नाहीतर आज काय झालं असतं या विचाराने मला चार रात्री झोप नाही.

तर कागदाच्या कोपऱ्यात, डागाच्या शेजारी, तुझं पेन्सिलचं किडमिडीत अक्षर. "गुरू अष्टमेशही. शनीत बघ." खाली तारीख. तू हे कधी लिहिलंस? मी चिडून पाणी प्यायला आत गेलो तेव्हाच ना? चोर आहेस.

मग बसलो परत पत्रिका घेऊन, या वेळी तुझ्या डोळ्यांनी. तू आयुष्यभर सहावं घर सहावं घर करत बसायचास आणि मी तुला रोग-ऋण-रिपू म्हणून चिडवायचो. पण शत्रूचं घर म्हणजेच स्पर्धेचं घर, एवढं साधं माझ्या टाळक्यात का नाही गेलं? पंचम सांगतं पोराला डोकं आहे, अभ्यास चढतो. नवम सांगतं उच्च विद्या आहे, भाग्य आहे. पण हजारो पोरांना मागे टाकायचंय ते षष्ठाशिवाय कसं होणार, आणि नंतर दशम आणि लाभ नको का? गुरूकडे पंचम होतं, नवम होतं, म्हणून पूर्व निघाली, अभ्यास उत्तम झाला, सर म्हणायचे याच्याइतका कोणाचा पाया पक्का नाही. पण मीन राशी अष्टमात, तिचाही मालक गुरूच, आणि बसलाय वक्री. पुन्हा पुन्हा तेच करायला लावलं, शेवटच्या पायरीवर अडकवलं.

आता शनी घे. षष्ठाचा मालक, बसलाय नवमात, पंचमेश गुरूच्या शेजारी. म्हणजे पाच, सहा, नऊ एका जागी. तिसऱ्या दृष्टीने लाभस्थान बघतोय, दहाव्या दृष्टीने स्वतःचंच सहावं. शनी भरणीत, भरणीचा स्वामी शुक्र, शुक्र दशमेश आणि तो लग्नात! शनीच्या उच्च राशीचा, तुळेचा मालक शुक्रच, तो केंद्रात म्हणून नीचभंग. नवमांशात तर शनी तुळेत, उच्च. मी नवमांश उघडलाच नव्हता मध्या. नीच शब्द दिसला आणि वही मिटली. आणि महादशेचा राहू व्ययात म्हणून मी नाक मुरडलं होतं, त्याचा राशीस्वामी चंद्र वृषभेचा, उच्च, दशमात बसलाय हेही सोडून दिलं.

निकाल कधी लागला? राहू-शनीत शुक्राची विदशा चालू असताना. पाच महिने एकवीस दिवसांची असते ती, त्यातल्या चौथ्या महिन्यात. अंगावर काटा आला.

पण थांब, लगेच मिशीला ताव देऊ नकोस. मला एक गोष्ट खुपतेय. चिन्या नापास झाला असता तर मी म्हणालो असतो बघा नीच शनी. पास झाला तर म्हणतोय नीचभंग. दोन्ही वाक्यं एकाच कागदावरून निघतात. गुरू अश्विनीत, अश्विनी केतूची, केतू षष्ठात, म्हणजे गुरूत पास झाला असता तर तेही मी त्यातूनच काढून दाखवलं असतं. त्याच रात्री त्याच वेळेला जन्मलेली अजून पोरं असतील, ती सगळी काय लिस्टमध्ये आहेत? त्यातल्या कोणी फॉर्मच भरला नसेल. जागा किती निघणार हे तर कुठल्याच घरात लिहिलेलं नाही. मागाहून जुळवलेल्या माझ्या या दोन पानांना काडीची किंमत नाही, किंमत आहे ती तुझ्या त्या चार शब्दांना, कारण त्यांच्याखाली निकालाच्या आधीची तारीख आहे. आणि तरी मनात येतं, तू बाकी किती कागदांवर असं लिहिलंस आणि ते चुकलं? खरं सांग. चुकलेले मोजून सांग, मी हसणार नाही. बरं, थोडा हसेन.

चिन्याला मी अजून भेटलेलो नाही. पेढे घेऊन येतो म्हणतोय रविवारी. माफी मागू की नुसती पाठ थोपटू? ताईला आता पुढचं हवंय, शनी संपला की राहूत बुध लागेल, पोस्टिंग कुठे, लग्न कधी. बुध द्वितीयेश आणि लाभेश, बरं दिसतंय, पण मी तोंड उघडलेलं नाही. म्हटलं मध्याला विचारतो. चालेल ना?

तुझं घराचं काम संपलं का? वहिनींचा हात कसा आहे? धाकटीला बारावीला कोणती शाखा दिलीस, की तिने तुलाच सांगितली? तिची पत्रिका मी बघणार नाही, घाबरू नकोस.

आणि हो, त्या दिवशी मी जे "तुला पंचमातलं ओ की ठो कळत नाही" म्हणालो, ते परत घेतो. षष्ठातलं कळतं तुला. पंचमाबद्दल भेटल्यावर भांडू. चिन्याच्या कागदाची झेरॉक्स सोबत पाठवतोय, दुसरा कोपरा कोरा आहे. बुधाचं काय वाटतं ते लिही, तारीख टाक, आणि घडी घालून परत पाठव. मी वाचणार नाही अजून, कपाटात ठेवेन.

तुझाच,
विन्या