फोन आला तर उचलीन

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी जेवताना ताटाशेजारी तू फोन उपडा ठेवला होतास. तीनदा तो थरथरला, तीनदा तू हात पुसून पाहिलास. तेव्हा मी बोलले असते तर "आई, आयटीत असंच असतं" म्हणून तू विषय मिटवला असतास. म्हणून लिहिते आहे.

मॅनेजरचे त्या शनिवार-रविवारचे मेसेज तू मला वाचून दाखवलेस. अकरा होते. त्यातला एक खराच तातडीचा, क्लायंटचं काम अडल्याचा. बाकीचे दहा सोमवारी सकाळी चालले असते. तू मात्र कुठल्या मेसेजला दोन मिनिटांत उत्तर दिलंस, कुठल्याला चार तासांनी, एक तर विसरूनच गेलीस. मला खरी अडचण इथे दिसते. तुझं उत्तर कधी येईल याचा त्यांना अंदाजच नाही. मग जे आठवेल ते ते रात्री अकराला पाठवून मोकळे होतात, आणि अर्ध्या वेळा उत्तर मिळतंही, त्यामुळे तीच सवय पक्की होते.

माझी वॉर्डातली रात्रपाळी तुला आठवते ना? पेशंटला श्वास लागला, बीपी उतरलं, रक्त थांबेना, तर आम्ही नर्स कॉल बुकमध्ये वेळ टाकून वॉर्डबॉयला डॉक्टरांकडे पिटाळायचो. ते येऊन आल्याची वेळ लिहून सही करायचे. रिपोर्ट दाखवायचा आहे, गोळी बदलायची आहे, हे सकाळच्या राउंडच्या यादीत जायचं. दोन्ही वाटा वेगळ्या होत्या, म्हणून डॉक्टर निर्धास्त झोपत आणि कॉल गेला की हमखास येत. क्षुल्लक गोष्टीसाठी रोज उठवलं असतं, तर खऱ्या कॉलला उशीर झाला असता.

तूही तशाच दोन वाटा आखून दे. मेसेजवर नको सांगूस, दुपारच्या वेळी समोर बसून सांग. "मला रात्री मेसेज करू नका" असं म्हणू नकोस, ती तक्रार वाटते. असं काहीसं म्हण: "संध्याकाळी सातनंतर आणि शनिवार-रविवारी आलेल्या मेसेजला पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी दहापर्यंत माझं उत्तर नक्की मिळेल. काही बंद पडलं किंवा क्लायंट अडला, तर मेसेज न करता फोन करा, मी उचलीन." आणि विचार, "तुम्हाला कुठल्या गोष्टी दहापर्यंत थांबण्यासारख्या वाटत नाहीत?" ती यादी त्यांच्या तोंडून येऊ दे. मग ठरलेलं दोन ओळींत त्यांना लिहून पाठव.

त्यानंतर फोनची सेटिंग बदल. मेसेजचा आवाज बंद, पण त्यांच्या नंबरचा कॉल वाजला पाहिजे. 'व्यत्यय आणू नका'मध्ये ठरावीक लोकांचे कॉल चालू ठेवता येतात. हे केलं नाहीस तर एखाद्या रात्री खरा फोन चुकेल, आणि सगळा भरवसा तिथेच संपेल.

रोज निघण्याआधी साडेसहाला त्यांना तीन ओळी टाक: आज काय झालं, काय अडलंय, उद्या किती वाजता काय मिळेल. माझा अंदाज आहे की रात्रीचे निम्मे प्रश्न "झालं का?" एवढेच असतात. उत्तर आधीच हातात असलं की ते विचारणार नाहीत.

पहिले तीन आठवडे सांभाळ. सकाळचे दहा म्हणजे दहाच. काम पूर्ण नसलं तरी "दुपारी तीनपर्यंत देते" एवढं लिही. आणि शनिवारी रात्री हात शिवशिवले म्हणून उत्तर पाठवलंस, तर ठरवलेलं तूच मोडशील. लिहून ठेवायचं असेल तर ते सोमवारी साडेआठला जाईल असं शेड्यूल कर. साध्या कामासाठी फोन आला तर चिडू नकोस, उचल, ऐकून घे आणि विचार, "हे आत्ता करू की सकाळी दहाला चालेल?" बहुतेक वेळा सकाळच ठरेल.

रोज रात्री फोनच येऊ लागले, तर मात्र हा तुझ्या एकटीच्या वेळेचा प्रश्न राहत नाही. टीमला रात्रीसाठी माणूस कमी पडतोय. तेव्हा कॉलच्या तारखा आणि वेळा लिहून ठेव, महिन्याभराच्या घेऊन बस आणि पाळी लावायला सांग, पाळीच्या बदल्यात सुट्टीही माग. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाच्या वेळेनंतर फोनपासून दूर राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक मांडलं होतं, पण कायदा झाला नाही. तोवर हे बोलणं तुलाच करावं लागेल.

बुधवारी तुमची मीटिंग असते म्हणालीस. ती आटोपल्यावर दहा मिनिटं मागून घे. ते काय म्हणाले ते मला रात्री कळव, मी जागी असेन.

तुझी,
आई