सूचना : ऑडिटपूर्वी साइटवरच्या परवानग्या तपासा

सहकाऱ्यांनो,

सोमवारपासून ऑडिटची कागदपत्रं आपल्या शेअरपॉइंट टीम साइटवर येतील. शुक्रवारी संध्याकाळी ५ पर्यंत दोन्ही ओनरनी नावांची यादी पाहून घ्यावी.

- ऑडिटरना फक्त वाचायचं आहे, त्यांना व्हिजिटर ठेवा. मेंबरला फाइल नुसती बदलताच येते असं नाही, डिलीटही करता येते.

- पगारपत्रक साध्या चॅनलमध्ये टाकू नका. तिथलं सगळं मेंबर आणि व्हिजिटर दोघांनाही दिसतं. त्यासाठी टीम्समध्ये नवं प्रायव्हेट चॅनल उघडा, कारण जुनं चॅनल नंतर प्रायव्हेट करता येत नाही. या चॅनलच्या फाइल्स वेगळ्या साइटवर राहतात. तिथे नाव नसेल तर टीमच्या ओनरलाही त्या उघडत नाहीत, म्हणून लेखा विभागातले दोघे त्याचे ओनर करा. एक रजेवर गेला तरी काम अडायला नको.