मोरीतल्या वासाबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. न.

बुधवारचा प्रकार मला काकूकडून कळला. बाबा, फोनवर तुम्ही "जरा ठसका लागला होता तिला, आता बरी आहे" एवढंच बोललात. आईला दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नेऊन वाफारा यंत्र लावावं लागलं, हे तुम्ही गाळलंत. रागावून लिहीत नाही. पण फोनवर तुम्ही मला मधेच तोडता, म्हणून पत्र.

काकू म्हणाली की तुम्ही अजूनही "मी काही मिसळलं नव्हतं" याच मुद्द्यावर आहात. तुमचं खरं आहे, बादलीत नाही मिसळलं. आधी फरशीवरचे बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला अ‍ॅसिड टाकलंत, ब्रशने घासलंत, एक तांब्या पाणी मारलंत. मग वास राहू नये म्हणून ब्लीच ओतलंत. पण तो एक तांब्या गेला कुठे? नहाणी ट्रॅपमध्ये. ट्रॅपच्या वाटीत दीड-दोन इंच पाणी कायम उभं असतं, गटाराचा वास वर येऊ नये म्हणून. तुमचं अ‍ॅसिड त्या पाण्यात जाऊन बसलं, फरशीच्या सांध्यांतही थोडं राहिलं. ब्लीच उतारावरून तिथेच गेलं. मिसळण्याचं काम तुम्ही केलं नाहीत, ट्रॅपने केलं.

ब्लीच म्हणजे अल्कलीत बांधून ठेवलेला क्लोरीन. त्यावर आम्ल पडलं की गाठ सुटते आणि वायू बाहेर पडतो. संडास साफ करायच्या बाटलीतलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असो, दारावर विकायला येतं ते सुटं अ‍ॅसिड असो, की स्वयंपाकघरातलं व्हिनेगर, परिणाम तोच. कमी-जास्त एवढाच फरक. तुम्हाला माहीत आहे, आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात हाच वायू 900 किलोच्या टनरमधून येतो. त्या खोलीत आमचे एक्झॉस्ट फॅन छताजवळ नसतात, जमिनीलगत असतात, कारण क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. तो खाली साचतो. आपल्या मोरीतला फॅन साडेसात फुटांवर आहे, आणि आई बादली उचलायला वाकली होती. तुम्ही उभे होतात, तुम्हाला डोळ्यांत चुरचुरलं. ती नेमकी त्या थरात तोंड घालून श्वास घेत होती. त्यात तिच्या श्वासनलिका दम्याने आधीच चिडक्या. तुम्हाला खोकला आणणारा वास तिच्या नळ्या आवळून टाकतो.

अमोनियाचं वेगळं. तो हवेपेक्षा हलका, आणि पाण्यात इतका विरघळतो की नाका-डोळ्यांच्या ओलाव्यातच बराचसा अडकतो. म्हणून तो लगेच झोंबतो आणि माणूस लगेच पळतो. क्लोरीन तितका विरघळत नाही, खोलवर जातो, आणि काही वेळा त्याचा त्रास काही तासांनी वाढतो. आईला रात्री दोन वाजता पुन्हा खोकला सुरू झाला तो उगाच नाही. घरात अमोनिया कुठला, असं वाटेल तुम्हाला. काही काच पुसायच्या फवाऱ्यांत असतो, आणि शिळ्या लघवीत तर असतोच. आत्या पडून होती तेव्हा तिच्या भांड्यात आई सरळ ब्लीच ओतायची आणि डोळ्यांना पदर लावायची, आठवतं? लघवी आणि ब्लीच मिळून क्लोरामाइन तयार होतं. तेही श्वासाला तसंच वाईट. भांडं आधी भरपूर पाण्याने धुवायचं आणि साबण लावायचा, मग ब्लीच लावायची गरज बहुतेक वेळा उरतच नाही. (आम्ही टनरची गळती शोधायला अमोनियात भिजवलेला बोळा फिरवतो; जिथे गळती असेल तिथे पांढरा धूर उठतो. तो खेळ उघड्यावर आणि सगळी साधनं अंगावर घालून करायचा.)

आता फॅनबद्दल, कारण माझा खरा जीव तिथे अडकलाय. वास घरात जाऊ नये म्हणून तुम्ही दार घट्ट लावलंत. बाबा, हे अगदी उलट झालं. फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. दार बंद, खाली फट नाही, तर फॅन नुसता घुमतो. दुसरी गोष्ट, फॅनशेजारच्या काचेच्या पट्ट्या उघड्या ठेवल्यात तर तो तिथूनच हवा ओढतो आणि शेजारीच फेकतो. खालची हवा हलतच नाही. म्हणून त्या पट्ट्या बंद, मोरीचं दार वीतभर उघडं, आणि हॉलची खिडकी पूर्ण उघडी. म्हणजे हवा हॉलमधून मोरीत शिरेल, फरशीवरून जाईल आणि फॅनमधून डक्टात. त्या वेळी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद ठेवायचा, नाहीतर तो मोरीतला वास घरात खेचतो.

खरंच ओढतोय का ते बघायला वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी फाडा. फॅन लावून ती दाराच्या फटीत धरा. पट्टी मोरीच्या आत झुकली तर ठीक. सरळ लोंबली तर जाळी काढून धुवा. तिच्यावर गेल्या दिवाळीपासूनची धूळ मी स्वतः पाहिली आहे. उदबत्तीने बघू नका, आईला धूर नको.

किती वेळ लावून ठेवायचा, त्याचा हिशोब केला मी. आपली मोरी 4 बाय 7 फूट, उंची 8 फूट, म्हणजे साधारण सव्वासहा घनमीटर. जाळी मळली आणि वारा उलटा असला तरी फॅन तासाला 80 घनमीटर ओढेल असं धरू. मग एकदा हवा बदलायला पावणेपाच मिनिटं लागतात. पण एकदा बदलली म्हणजे सगळा वास गेला असं होत नाही, नवी-जुनी मिसळत राहते. एका बदलाला साधारण एकतृतीयांश उरतो, तीन बदलांना विसावा हिस्सा. म्हणजे पंधरा मिनिटं. हेही फरशी धुऊन झाल्यावर, कारण ओली फरशी वास सोडतच राहते. तळाशी रेंगाळणारा वायू धरून मी दुप्पट करते: अर्धा तास फॅन, तोवर आई हॉलच्या खिडकीत किंवा सरळ खाली बाकावर. "आता वास येत नाही" यावर जाऊ नका. आत बसलेल्या माणसाचं नाक दहा मिनिटांत मरतं. बाहेरून आलेल्याला विचारा.

मास्कही नको सांगायला. कोविडच्या वेळचे एन-95 धूळ अडवतात, वायू नाही. आमच्याकडे वायूसाठी वेगळी डबी लावलेले मास्क असतात, ते घरी आणायची वेळ येत असेल तर ती वस्तूच घरात नको.

माझं मत स्पष्ट सांगते: आपल्या घरात ब्लीच लागतच नाही. फरशीला साबणाचं पाणी आणि खराटा पुरतो. पांढऱ्या डागांसाठी किराणावाल्याकडचं लिंबूसत्व मिळतं; दोन चमचे मगभर कोमट पाण्यात घालून डागावर अर्धा तास ठेवा, मग घासा. अ‍ॅसिडइतकं झटपट निघणार नाही, दोनदा करावं लागेल. तेही आम्लच आहे, त्यामुळे त्याच्यावर ब्लीच नाहीच. कोणाला उलट्या-जुलाब झाले आणि ब्लीच लागलंच, तर बाटलीवर 4 टक्के लिहिलेलं असेल तर लिटरभर गार पाण्यात 25 मिली. गरम पाणी नको, त्याने वाफ जास्त निघते. फवारायचं नाही, फडक्यावर ओतून पुसायचं, दहा मिनिटं बाहेर थांबायचं, मग धुवायचं. आणि त्या आठवड्यात अ‍ॅसिडची बाटली हातात घ्यायची नाही. काम तुम्ही करायचं, आई घरात नसताना.

आणि पुन्हा कधी तसा तिखट, तरणतलावासारखा वास आलाच, तर आधी बाहेर. बादली, कपडे, काही उचलायचं नाही. वर दुसरं काही ओतून मारायला जायचं नाही. जाता जाता हॉलची खिडकी उघडता आली तर ठीक. डोळे चुरचुरत असतील तर साध्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा. आई, तू त्या दिवशी वाफ घेतलीस आणि छातीला बाम चोळलास. दोन्ही नको. गरम वाफेने आणि त्या उग्र वासाने आवळलेली नळी आणखी चिडू शकते.

तुझा निळा पंप कुठे होता, हे काकूने सांगितलं: कपाटावर, स्पेसर अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. तो टीव्हीखालच्या खणात ठेव. ताठ बस, आडवी होऊ नकोस. स्पेसरमध्ये एक दाब, चार श्वास सावकाश. असे चार दाब, एकेक करून. चार मिनिटं थांब, फरक नसेल तर पुन्हा चार. डॉक्टरांनी तुला वेगळा आकडा लिहून दिला असेल तर तोच पाळायचा. त्यानंतरही धाप असेल, एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसले किंवा बोटावरचं यंत्र 92 च्या खाली दाखवत असेल, तर बाबा, मला फोन करायच्या आधी 108. आणि काय काय ओतलं होतं ते डॉक्टरांना खरं सांगायचं. बरं वाटलं तरी तो दिवस आणि ती रात्र तिच्याकडे लक्ष ठेवा.

दुसरा पंप, रोजचा, तू बंद केला आहेस असं दिसतं. "सवय लागते" हे शेजारच्या बाईंचं म्हणणं. तो स्टिरॉइडचा पंप नळ्यांची सूज रोज थोडी थोडी कमी ठेवतो. तो बंद असला की बुधवारसारखा एक झटका जास्त महागात पडतो. पुढच्या तीन महिन्यांत वासाने, थंड हवेने, जिना चढताना खोकला वाढलेला दिसला तर डॉक्टरांना आवर्जून सांग. एकदाच जोरात वायू लागून नळ्या महिनोन्‌महिने चिडलेल्या राहतात असं होतं.

बाबा, उरलेल्या दोन्ही बाटल्या आत्ता रागाच्या भरात एकामागून एक नहाणीत ओतू नका. तेच पुन्हा होईल. झाकणं घट्ट करून ब्लीच गॅलरीत आणि अ‍ॅसिड जिन्याखालच्या कपाटात, अशा वेगवेगळ्या ठेवा. मी शनिवारी येते तेव्हा बघते. मी येईपर्यंत स्टूल आणि स्क्रू-ड्रायव्हर काढून ठेवा, जाळी मीच उतरवेन.

तुमची,
मनू