पावसात बायोगॅस कमी होतो तो थंडीने नव्हे, पाण्याने

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जून लागला की आमच्या सत्तरी तालुक्यात दूधवाल्यांची एकच तक्रार सुरू होते, गॅस येत नाही, आणि कारण विचारलं की सगळे थंडीवर ढकलून मोकळे होतात. पण आपल्या गोव्यात जुलैमध्ये सुद्धा रात्रीचं तापमान साधारण 24 डिग्रीच्या खाली जात नाही, आणि तेवढ्याने काही टाकीतले जंतू काम थांबवत नाहीत. खरं कारण आहे पाणी, आणि त्यासाठी हे पत्र.

आमच्या वाड्यावरचंच उदाहरण घ्या. एका शेजाऱ्याकडे 4 जर्सी गायी आणि दिवसाला 2 घनमीटर गॅस देणारा दीनबंधू बायोगॅस प्लांट. गायी रोज साधारण 50 किलो शेण देतात, त्यात तेवढंच म्हणजे 50 लिटर पाणी कालवायचं. एक किलो शेणापासून साधारण 40 लिटर गॅस धरतात, म्हणजे दिवसाला 2 घनमीटर, पाच-सहा माणसांचा स्वयंपाक आरामात होतो आणि हिशेब केला तर महिन्याला जवळजवळ दोन सिलिंडर वाचतात. आता बघा, टाकीत साधारण 4000 लिटर मावतं आणि रोज 100 लिटर आत जातं, म्हणजे शेण आत 40 दिवस राहतं, तेवढा वेळ कुजायला पुरतो. पण यांच्या गोठ्याचं गटार थेट प्लांटच्या तोंडाला जोडलेलं. दिवसातून दोनदा पाइप लावून गोठा धुतला की 200 लिटर पाणी सहज आत जातं, वर छपराची पागोळीही त्याच गटारात पडते. 100 चे झाले 300, आणि 40 दिवसांचे राहिले जेमतेम 13. गॅस करणारे जंतू हळू वाढतात, ते वाढायच्या आधीच बाहेर वाहून जातात. त्यात काही जण गोठ्यात फिनाइल टाकतात तेही आत जातं, मग तर विचारूच नका.

आपला प्लांट असाच बिघडलाय का हे ओळखायला मशीन लागत नाही. बाहेर येणारी स्लरी बघायची. नीट कुजलेल्या स्लरीला शेणाचा वास राहत नाही आणि तिच्यावर माश्या फारशा बसत नाहीत. तीच स्लरी पातळ, ताज्या शेणाच्या वासाची आणि आउटलेटमध्ये बुडबुडे येत असतील तर गॅस चुलीऐवजी बाहेर उडून जातोय असं समजा, आणि हा मिथेन आहे, नुसतं नुकसानच नाही तर हवेलाही वाईट. उपाय सोपा आहे, शेण आधी फावड्याने उचलून टाकीत घालायचं, गोठा नंतर धुवायचा आणि धुतलेल्या पाण्याला वेगळं गटार काढून ते कुळागरात माडा-पोफळींना सोडायचं. शेजाऱ्याने हेच केलं, काही आठवड्यांत आच परत लागली.

दुसरा प्रश्न स्लरीचा, आणि माझ्या मते तो गॅसपेक्षा मोठा आहे. पावसात ती उघड्या खड्ड्यात सोडतात, खड्डा भरून वाहतो, आणि आपली जमीन जांभ्याची, पाणी झरझर खाली जातं आणि विहीर तिथेच जवळ. स्लरीतला बराचसा नत्र पाण्यात विरघळलेला असतो, म्हणजे खताचं सत्त्व पहिलं तेच वाहून जातं आणि शेवटी आपल्याच पिण्याच्या पाण्यात उतरतं. म्हणून खड्डा उंचवट्यावर, विहिरीपासून लांब आणि वर पत्रा किंवा झावळ्यांचं छप्पर हवंच. उन्हाळ्यात काजूची पानं, पोफळीच्या विऱ्या तोडून गोळा करून ठेवायच्या आणि पावसात वीतभर पाचोळा, त्यावर स्लरी, परत पाचोळा असे थर द्यायचे. मूठभर उचलून दाबलं आणि बोटांतून पाणी गळलं तर आणखी पाचोळा घाला. काजूचं पान कुजायला वेळ घेतं, त्यामुळे घाई करू नका, तीन-चार महिने जाऊ देत.

राहिल्या गोवऱ्या. त्या गोव्यात साधारण डिसेंबर ते मे एवढ्याच वाळतात, पावसात थापल्या तर बुरशी धरतात. आणि जाळल्या की नत्र धुरात जातो, राखेत थोडं पालाश उरतं. कार्यापुरत्या, लागतील तेवढ्या थापाव्यात, पण ज्याच्याकडे प्लांट आहे त्याने रोजचं शेण त्यात घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

प्लांटला अनुदान मंजूर करताना अधिकारी टाकी आणि डोम बघतात, त्याच वेळी गोठ्याचं धुण्याचं गटार वेगळं आहे का आणि स्लरीच्या खड्ड्यावर छप्पर आहे का हे दोन मुद्दे सुद्धा तपासावेत, आणि छपराचा खर्च त्याच अनुदानात धरावा, ही विनंती आपल्या पेपरमधून खात्यापर्यंत पोचवा. मे महिन्याच्या आत झालं तर यंदाच्या पावसाला उपयोग होईल.

आपला,
एक दूध उत्पादक, सत्तरी