एकोणीस सिस्टर, दहा पेशंट, आणि तरी रात्री बेल वाजवूनही कोणी येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका हॉस्पिटलच्या आयसीयूबद्दल तक्रारीची बातमी होती आणि खाली हॉस्पिटलचा खुलासा की आमच्याकडे दहा पेशंटमागे दिवसाला एकोणीस नर्सेस आहेत, म्हणजे एका पेशंटला जवळजवळ दोन. वाचून हसूच आलं, कारण हाच हिशोब मी स्वतः बारा वर्षं आयसीयूची इन्चार्ज सिस्टर असताना वरच्या ऑफिसातून ऐकत आले. खोटा नाहीये तो. आकडे खरेच असतात, फक्त मांडणी अशी असते की रात्रीचे बारा तास त्यात दिसतच नाहीत.

या हिशोबाला आमच्याकडे एनएचपीपीडी म्हणतात, नर्सिंग अवर्स पर पेशंट डे. म्हणजे एका पेशंटला चोवीस तासात नर्सचे किती तास मिळाले. वर नर्सेसनी केलेले एकूण तास, खाली पेशंट, भागाकार केला की झालं. इतकं सोपं आहे म्हणूनच चुकतं, कारण वर काय मोजलं आणि खाली काय मोजलं हे कोणी विचारत नाही.

मी ज्या युनिटमध्ये होते त्याचंच उदाहरण घेते, बारा बेडचं होतं. मॉर्निंगला नऊ सिस्टर, इव्हिनिंगला सहा, नाइटला चार. एकोणीस झाल्या की नाही? ऑफिसवाले एकोणीस गुणिले आठ तास करायचे, १५२, भागिले दहा पेशंट, १५.२ तास. छान आकडा, फाइलला लावायचा. पण आमची ड्युटी आठ-आठ तासांची नव्हतीच, मॉर्निंग आठ ते दोन, इव्हिनिंग दोन ते आठ आणि नाइट रात्री आठ ते सकाळी आठ, बऱ्याच ठिकाणी अशीच असते. म्हणजे मॉर्निंगची सिस्टर सहा तास देते आणि नाइटची बारा, आणि सगळ्यात जास्त माणसं सहा तासांच्या ड्युटीत. त्यात मॉर्निंगच्या नऊमध्ये मी पण धरलेली! मी दिवसभर राउंड, इंडेंट, स्टॉक, नातेवाइकांची भांडणं आणि मीटिंग यात, माझ्याकडे पेशंट नसायचा. मला वगळलं की आठ सहा अठ्ठेचाळीस, सहा सहा छत्तीस, चार बारा अठ्ठेचाळीस, एकूण १३२ तास. १५२ नाही. वीस तास कागदावरच हवेत गेले.

आता खालचा आकडा. दहा पेशंट हे कुठून आले, तर रात्री बाराच्या सेन्ससमधून. सगळीकडे पद्धत तीच, मध्यरात्री बेडवर किती डोकी ते लिहायचं. पण आमच्याकडे सकाळी आठला वॉर्डातून दोन पेशंट यायचे, कोणाचं डायलिसिसवर बीपी पडतं म्हणून मॉनिटरवर ठेवायचं, कोणी अँजिओग्राफी झाली म्हणून, आणि संध्याकाळी आठच्या आत परत जायचे. बारा वाजता ते नसतातच, म्हणजे ते कधी आलेच नाहीत. अहो पण त्यांना घेताना आणि परत पाठवताना फाइल, औषधं, ओव्हर द्यायची, नातेवाइकांना समजवायचं, हे काम साध्या पडून असलेल्या पेशंटपेक्षा जास्त असतं. बारा तास बारा पेशंट आणि बारा तास दहा पेशंट म्हणजे सरासरी अकरा. १३२ भागिले ११, बरोबर १२ तास. फाइलवर १५.२, बेडवर १२.

बरं मग लागतात किती, हा खरा प्रश्न. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या पद्धतीने धरलं तर व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक नर्स आणि व्हेंटिलेटर नसलेल्या दोघांना मिळून एक. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम तर आयसीयूत सरसकट एकास एक सांगतो, पण तो बाजूला ठेवू, कमीत कमीचाच हिशोब करू म्हणजे कोणी म्हणायला नको की बाई वाढवून सांगतात. आमच्याकडे चार पेशंट व्हेंटिलेटरवर असायचे. दिवसा बारा पेशंट, चारांना चार सिस्टर, उरलेल्या आठांना चार, एकूण आठ. रात्री दहा पेशंट, चारांना चार, सहांना तीन, एकूण सात. म्हणजे मॉर्निंग आठ, इव्हिनिंग आठ, नाइट सात, तासात ४८ अधिक ४८ अधिक ८४, एकूण १८०, आणि अकराने भागलं तर १६.४.

आता हे शिफ्टप्रमाणे समोरासमोर ठेवा. मॉर्निंगला आठ लागतात आणि मला सोडून आठ आहेतच, एक पण कमी नाही. इव्हिनिंगला आठ पाहिजेत, सहा आहेत. नाइटला सात पाहिजेत, चार आहेत. रोजचे ४८ तास कमी पडतात, त्यातले ३६ एकट्या नाइटमधले! इन्स्पेक्शन कधी होतं? सकाळी अकराला. डीन, ट्रस्टी, पत्रकार, सगळे सकाळी अकराला येतात आणि युनिट भरलेलं दिसतं, म्हणून कोणाला पटत नाही. (आणि सकाळी जास्त माणसं का लावतात तर राउंड असतो, स्पंजिंग असतं, तपासण्या असतात, ते कामही खरंच आहे, माझं म्हणणं तिथून काढून रात्री द्या असं नाही.)

रात्री चार सिस्टर दहा पेशंट म्हणजे दोघींकडे तीन-तीन आणि दोघींकडे दोन-दोन, प्रत्येकीकडे एक व्हेंटिलेटर. त्यात दीड वाजता एखाद्याचं सिटी स्कॅन करायचं ठरतं. व्हेंटिलेटरचा पेशंट एकटा वॉर्डबॉय मामांबरोबर पाठवता येत नाही, डॉक्टर आणि एक सिस्टर जातेच, अँब्यू, सिलिंडर, पंप सगळं घेऊन, आणि परत येईपर्यंत तासभर सहज जातो. तोपर्यंत तिघींकडे नऊ पेशंट. एका अशाच रात्री सिटीहून परत आले तर शेजारच्या बेडवरच्या आजोबांनी श्वासाची नळी स्वतः ओढून काढलेली, नशीब की डॉक्टर तिथेच होते आणि परत टाकता आली. दुसऱ्या दिवशी मेमो त्या बेडच्या सिस्टरला. ती त्या वेळी पलीकडे सक्शन करत होती, अजून कुठे असणार?

युनिटमध्ये तास कमी पडतायत हे ओळखायला कॅल्क्युलेटर लागत नाही खरं तर. दर तासाला भरायचा चार्ट बघा, रात्री एक ते पाच एकाच पेनाने एकाच झोकात लिहिलेलं असेल, सगळ्या नाड्या ८८ आणि ९०, तर ते सकाळी सहाला बसून भरलंय हे जुनी सिस्टर लगेच ओळखते. मुलींना खोटारड्या म्हणू नका, त्या वेळी त्या पेशंटपाशी होत्या, वहीपाशी नव्हत्या. दोन तासांनी कूस बदलायची राहते, मग तीन-चार दिवसांनी पाठीला लाल डाग. दुसरीने तपासून सही करायच्या औषधावर दोन्ही सह्या एकीच्याच. हे सगळं १२ आणि १६.४ मधलं अंतर आहे, फक्त ते डाग आणि सह्यांच्या रूपात दिसतं.

आता पोस्ट किती लागतात तेही सांगते कारण तिथे दुसरा घोळ. आठ-आठ-सात म्हणजे तेवीस, मग तेवीस पोस्ट भरल्या की झालं असं ऑफिसला वाटतं. पण माणूस ३६५ दिवस येत नाही. ५२ वीकली ऑफ, ३० अर्जित रजा, ८ किरकोळ, वीसेक सणाच्या सुट्ट्या, आजारपण आणि ट्रेनिंग मिळून १० धरा, उरतात २४५ दिवस. नाइट लांब असली तरी मागून नाइट ऑफ मिळतो म्हणून दिवस सरासरी आठ तासांचा धरला, तर एक सिस्टर वर्षाला १,९६० तास देते. रोजचे १८० तास गुणिले ३६५ म्हणजे ६५,७०० तास. भागाकार ३३.५. म्हणजे चौतीस सिस्टर, आणि इन्चार्ज वेगळी. आमच्याकडे होत्या पंचवीस आणि मी.

पडताळा पाहिजे असेल तर केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटचा जुना नियम आहे, ३६५ दिवस चालणाऱ्या जागेसाठी मूळ संख्येवर ४५ टक्के जास्त. १८० भागिले ८ म्हणजे साडेबावीस, त्यावर ४५ टक्के, होतात ३२.६. माझ्या आकड्याच्या जवळच. नर्सिंग कौन्सिलचे रजेसाठीचे ३० टक्के लावले तर २९ च्या आसपास येतात, आणि मला अनुभवाने वाटतं ते कमी पडतात, कारण आयसीयूत बहुतेक मुली पंचविशी-तिशीतल्या, एका वेळी दोघी तरी मॅटर्निटी लीव्हवर असतातच, आणि माझ्या वरच्या २४५ मध्ये तर मॅटर्निटी धरलेलीच नाही.

या हिशोबात एक कच्चा दुवा आहे तो पण सांगते, नाहीतर कोणी तरुण डॉक्टर लिहून पाठवतील. व्हेंटिलेटर आहे की नाही एवढ्यावरच पेशंट तोलला की गडबड होते. व्हेंटिलेटरवर शांत झोपलेल्या पेशंटपेक्षा व्हेंटिलेटर नसलेला पण बीपीच्या औषधावर असलेला, उठून पळू बघणारा पेशंट जास्त माणूस खातो. त्यासाठी नर्सिंग अ‍ॅक्टिव्हिटीज स्कोअर म्हणून पद्धत आहे, एकेका कामाला गुण असतात आणि १०० गुण म्हणजे एका नर्सचं चोवीस तासांचं काम. पेशंटचे ७० गुण आले तर त्याला १६.८ तास लागतात, सरळ हिशोब. मी शेवटच्या वर्षी महिनाभर वहीत तो भरून बघितला होता, ती वही कपाटातच राहिली असावी.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी कुठल्या हॉस्पिटलने खुलासा पाठवला तर तुमच्या वार्ताहराला एवढंच विचारायला सांगा की कालच्या रात्रीचं रोस्टर दाखवा, त्यातून इन्चार्ज आणि ट्रेनिंगच्या मुली वगळा, आणि रात्री दोन वाजता किती व्हेंटिलेटर चालू होते ते सांगा. दिवसाची बेरीज छापू नका.

आपली नम्र,
एक निवृत्त आयसीयू सिस्टर, सांगली