बाबांचा कोरडा बनियन

प्रिय आई, बाबा,

हे सगळं फोनवर सांगायला गेले की आई "बरं, बघते" म्हणते आणि बाबा मागून टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून लिहून पाठवते आहे. आई, तू एकदा नीट वाच. बाबा, तुम्ही वाचलं नाहीत तरी चालेल, पण स्वेटरबद्दल लिहिलंय तेवढं ऐका.

मागच्या खेपेला मी आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. खोलीतलं तापमापक ३६ दाखवत होतं आणि बाबा खुर्चीत पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसले होते. "मला गार लागतं," असं म्हणाले. मी स्वेटरच्या आत हात घालून पाहिलं. पाठ चांगलीच तापलेली होती, पण बनियन कोरडा ठणठणीत. तेव्हा मला बरंच वाटलं, की चला, घामाने भिजले तरी नाहीत. खरं तर घाबरायला हवं होतं.

शरीर गार होतं ते घाम वाळताना. घाम नुसता येऊन उपयोग नसतो, तो कातडीवरून उडून जायला लागतो, आणि जाताना उष्णता घेऊन जातो. वय झालं की घाम उशिरा आणि कमी येतो, कातडीकडे येणारं रक्तही कमी होतं. त्यातून उकडतंय ही जाणीवच बोथट होते, तशीच तहानेचीही. बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच गार लागत होतं, पण ते सांगणारी यंत्रणा आता भरवशाची राहिलेली नाही. म्हणून आई, उन्हाळ्यात त्यांना काय घालायचं हे त्यांना विचारून नको ठरवूस. तापमापक पाहा आणि मानेखाली, पाठीवर हात लावून पाहा. स्वेटर हवाच असेल तर तो मांडीवर राहू दे, अंगात नको. (बाबा, हेच ते.)

आता कपड्यांचं. आपण सगळे "सुती आणि सैल" म्हणतो आणि तिथेच थांबतो. मीही तेच केलं. मागच्या वर्षी तुमच्यासाठी दोन सदरे आणले, कॉटन म्हणून. तुम्ही ते घालून दुपारभर कुरकुर करत होतात आणि मी तुम्हालाच हट्टी म्हणाले. नंतर आतली चिठ्ठी वाचली तर त्यात निम्मं पॉलिस्टर होतं. चूक माझीच होती.

कापड ओळखायची माझी आता एक साधी पद्धत आहे. कापड टेबलावर पसरायचं आणि बोटाने पाण्याचा एक थेंब वर सोडायचा. थेंब लगेच पसरून आत शिरला तर कापड कामाचं. मण्यासारखा वर बसून राहिला तर तो सदरा घाम शोषणार नाही, मग चिठ्ठीवर काहीही लिहिलेलं असो. मात्र नवा कोरा शुद्ध सुती कपडाही पहिल्यांदा या परीक्षेत नापास होतो, कारण त्यावर गिरणीतली खळ असते. दोन-तीन वेळा कोमट पाण्यात धुवून पुन्हा थेंब टाकून बघ. आणि कपडे मऊ व्हावेत म्हणून शेवटच्या पाण्यात घालतेस ते सुगंधी द्रव बाबांच्या कपड्यांना नको. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि पाणी आत जाऊ देत नाही. खळही बंद. कडक इस्त्रीचा सदरा उन्हाळ्यात दिसायलाच छान. दुसरी परीक्षा खिडकीची: कापड उजेडासमोर धर, विणीतून उजेड झिरपताना दिसला पाहिजे. जाडजूड सुती कापड असलं तरी त्यातून वारा जात नाही.

सैल म्हणजे किती? बाही दंडाभोवती चार बोटं सहज फिरतील इतकी, आणि काखेतला घेर खोल. हात हलला की आतली दमट हवा बाहेर पडते आणि कोरडी आत येते, तेवढ्यासाठी हा सैलपणा. पायजम्याची कंबर मात्र पोटाला वळ पाडणारी नको. इलॅस्टिक रुतत असेल तर काढून नाडी घाल, पण नाडीचं टोक लोंबू देऊ नकोस. आणि सैलपणाच्या नादात पायजमा घोट्याखाली उतरू देऊ नकोस. बाबा आधीच डावा पाय घासत चालतात. उकाड्यातून वाचवायचं आणि पायजम्यात पाय अडकून पाडायचं, असं व्हायला नको.

रंगाबद्दल तू फार काटेकोर झाली आहेस असं ऐकलं. बाबांचा आवडता निळा सदरा म्हणे कपाटात गेला. बाहेर काढ गं. फिक्या रंगाचा फायदा थेट उन्हात असतो, कारण गडद रंग सूर्याची उष्णता जास्त शोषतो. घरात सावलीत बसलेल्या माणसाला पांढरा काय आणि निळा काय, फारसा फरक नाही. तिथे विणीला महत्त्व. सकाळी गच्चीवर जाताना पांढरा, घरात निळा, असा तह करा. आतला बनियन मात्र पांढराच ठेव, त्यावर घामोळ्याचं रक्त-पाणी किंवा डाग लगेच दिसतात. नाहीतर बनियन काढूनच टाक, पातळ सदऱ्याखाली दुसरा थर कशाला?

आता मुख्य गोष्ट. बाबांना पुरेसा घाम येत नाही, मग घाम शोषणाऱ्या सुती कपड्याने एकट्याने काय होणार? तो घाम आपण द्यायचा, म्हणजे सदराच ओला करायचा. मी तिथे असताना चार दुपारी करून पाहिलं, तसंच तूही कर. नळाच्या साध्या पाण्यात सदरा बुडवायचा आणि पाणी ठिबकणार नाही इतका पिळायचा. बर्फाचं पाणी नको. फार गार लागलं की कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, अंग शहारतं, आणि कुडकुडल्याने उलट उष्णता तयार होते. मग बाबांना घालायचा, आणि पंखा त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी त्यांनी शिव्या घातल्या. अर्ध्या तासात बाह्या वाळल्या, पाठीला हात लावला तर तापलेपण गेलेलं, आणि साहेब पेपर मागत होते. वाळला की पुन्हा ओला करायचा. संपूर्ण सदरा नको वाटला तर नुसत्या बाह्या आणि मानेवर ओलं फडकं. तेही नको असेल तर दोन्ही हात कोपरापर्यंत साध्या पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं. बाबांना हेच आवडलं, कारण तेवढ्या वेळात कोणी त्यांच्याकडे काही मागत नाही. फरशीवर पाणी सांडलं तर तिथल्या तिथे पुस.

याला दोन मर्यादा आहेत. हवा दमट असेल तर ओला सदरा वाळत नाही आणि न वाळलेला सदरा गार करत नाही, नुसता चिकटतो. अर्ध्या तासाने हात लावून बघ. तसाच चिंब असेल तर काढून टाक, उघड्या अंगाने पंख्याखाली बसू दे आणि हाताचा टब चालू ठेव. दुसरी मर्यादा पंख्याची. हवा अंगापेक्षा गरम झाली की पंखा तीच गरम हवा अंगावर फेकतो. जागतिक आरोग्य संघटना ४० अंशांच्या वर पंखा वापरू नका असं सांगते. बाबांना घाम कमी, म्हणून मी ३८ लाच बंद करेन, कपडे ओले करणं मात्र चालू. अशा दिवसांत खिडक्या आणि पडदे दिवसा बंद, आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की रात्री उघडायचे.

सदरा घालताना त्यांचा कमजोर हात, म्हणजे डावा, आधी. तू उजवा हात घालून मग डावा ओढतेस, ते मी पाहिलंय, आणि ओला सदरा कोरड्यापेक्षा जास्त चिकटतो. बाहीच्या बाहेरच्या तोंडातून तुझा हात आत घाल, बाबांचा डावा पंजा धर आणि बाही त्यांच्या खांद्यापर्यंत चढव. मग पाठीमागून फिरवून उजवा हात त्यांचा त्यांनाच घालू दे. काढताना उलटं: उजवा आधी, डावा शेवटी. म्हणूनच समोर पूर्ण उघडणारे, मोठ्या बटणांचे सदरे हवेत, डोक्यातून घालायचे नकोत.

रात्रीसाठी एकच सांगते. गादीवरच्या रबरी कापडावर जाड सुती चादर दुहेरी करून घाल. पाठ तिथेच सगळ्यात जास्त तापते, आणि दिवसभर सैल सदरा घालून रात्री रबरावर झोपवलं तर केलेलं पाण्यात. घामोळं आलं तर त्यावर तेल किंवा चिकट मलम चोळू नकोस, घामाची छिद्रं आणखी बुजतात.

बाबांची लघवीची गोळी आणि झोपेची गोळी उन्हाळ्यात तशीच चालू ठेवायची का, पाणी दिवसाला किती द्यायचं, हे डॉक्टरांना या आठवड्यातच विचार. काही गोळ्या पाणी काढतात, काही घाम अडवतात. स्वतःहून मात्र एकही बंद करू नकोस.

आणि बाबा असंबद्ध बोलू लागले, हाक मारल्यावर नीट उत्तर देईनात, अंग कढत लागलं, तर मला फोन करत बसू नकोस. घाम येत असला तरी फसू नकोस. आधी रुग्णवाहिका बोलाव. ती येईपर्यंत कपडे काढ, अंगावर पाणी ओत आणि जोराने वारा घाल. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नकोस. ताप उतरवायची गोळीही नको, हा ताप त्या गोळीचा नाही.

सोबत तीन सदरे पाठवले आहेत. तिन्ही दोनदा धुतलेत आणि थेंबाच्या परीक्षेत पास झालेत. एक निळा आहे. डाव्या काखेतली शिवण मी उसवून कापडाची पट्टी लावली आहे. ती बाबांना टोचते का, ते मला कळव.

तुमची,
मोठी